ताप गेला, पण डाग का जात नाही?

"डॉक्टर, ताप गेला, जेवण सुरू झालं, पण छातीच्या फोटोत डाग तसाच आहे. म्हणजे न्यूमोनिया बरा झालाच नाही का? आता परत फोटो कधी काढायचा?"

बरा होतोय. डाग मागे राहतो, कारण फोटोत जंतू दिसत नाहीत. दिसतं ते एवढंच, की फुप्फुसात कुठे हवा आहे आणि कुठे नाही.

गेल्या पावसाळ्यात एक काका दाखल झाले होते. वय 62, शेतकरी, तीस वर्षं बिडी ओढून नुकतीच सोडलेली. आले तेव्हा ताप 102, मिनिटाला 28 श्वास, ऑक्सिजन 91 आणि उजव्या कुशीत खोल श्वास घेऊ न देणारी कळ. फोटोत उजव्या फुप्फुसाचा खालचा भाग पांढरा होता. त्या पांढऱ्यात श्वासनलिकांच्या काळ्या फांद्या उठून दिसत होत्या आणि छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याची कड पुसली गेली होती. अँटिबायोटिक सुरू केलं. तिसऱ्या दिवशी ताप उतरला, चौथ्या दिवशी ऑक्सिजन 96 झाला, पाचव्या दिवशी भाकरी खाल्ली. घरी सोडलं. आठव्या दिवशी मुलगा घाबराघुबरा होऊन आला. त्याने बाहेरून परस्पर फोटो काढून आणला होता आणि रिपोर्टात लिहिलं होतं: "विशेष बदल नाही." काका स्वतः जिना चढून वर आले होते, ते त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

न्यूमोनियात फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे पाण्याने, पांढऱ्या पेशींनी आणि फायब्रिन नावाच्या चिकट धाग्यांनी भरतात. औषध जंतूंना दोन-तीन दिवसांत आटोक्यात आणतं. ताप जंतूंमुळे आणि त्यांच्याशी चाललेल्या झुंजीमुळे असतो, म्हणून तो आधी उतरतो. पण मेलेले जंतू, मेलेल्या पेशी आणि ते धागे फुग्यांतच पडून असतात. हा ऐवज साफ करणं अँटिबायोटिकचं काम नाही. शरीरातल्या भक्षक पेशी तो थोडा थोडा गिळतात, धागे विरघळवले जातात, काही कफावाटे पडतो, बाकीचा लसिकावाहिन्यांतून निघून जातो. तोवर तिथे हवा शिरत नाही, आणि फोटोत ते पांढरंच उमटतं. काकांचं गाव नदीकाठचं. त्यांना म्हटलं, पूर ओसरल्यावर घरातला गाळ काढायला किती दिवस लागतात? ते म्हणाले, "महिना तर सहज."

फुप्फुसालाही तेवढा वेळ लागतो. साधारण निम्म्या रुग्णांचा फोटो दोन आठवड्यांत स्वच्छ होतो, चार आठवड्यांत दोन तृतीयांशांचा. सत्तरीपुढे, एकाहून जास्त भागांत न्यूमोनिया असेल तर, किंवा दमा-सीओपीडीसारखा जुना आजार असेल तर बारा आठवडेही लागतात. उलट पहिल्या एक-दोन दिवसांत माणूस सुधारत असताना डाग थोडा वाढलेलाही दिसू शकतो. दाखल होण्याआधी सुरू झालेली सूज तेव्हा कुठे फोटोत पुरती उमटत असते.

दोन फोटो शेजारी लावताना आणखी एक फसगत होते. पहिला फोटो पेशंट पलंगावर असताना पोर्टेबल मशीनवर काढलेला असतो, दुसरा उभं राहून. कुशीत दुखत असेल तर माणूस अर्धाच श्वास घेतो, मग खालचं फुप्फुस दाटून जास्त पांढरं दिसतं. काकांच्या दुसऱ्या फोटोत श्वास अपुरा होता. तरीही नीट पाहिल्यावर पडद्याची पुसलेली कड पुन्हा अंधूक दिसू लागली होती. खाली हवा परतायला लागल्याची ती खूण होती.

मला काळजी असते ती अशा रिपोर्टानंतर जे घडतं त्याची. डाग दिसतोय म्हणून अँटिबायोटिक बदललं जातं, बहुतेक वेळा लिव्होफ्लॉक्सासिन दिलं जातं. हे औषध टीबीच्या जंतूंनाही थोडंफार दाबतं. खरोखर टीबी असेल तर माणसाला चार दिवस बरं वाटतं आणि निदान लांबतं. खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला असेल तर आधी थुंकी टीबीचे जंतू शोधणाऱ्या सीबीनॅट चाचणीसाठी पाठवावी. नुसत्या फोटोवरून टीबी आहे किंवा नाही हे ठरवता येत नाही.

म्हणून पहिल्या आठवड्यात मी फोटोपेक्षा माणूस पाहते: ताप, श्वासाची गती, नाडी, ऑक्सिजन, जेवण, बोलण्यातली सुसंगती. हे सगळं सुधारत असेल तर फोटो काढत नाही. 48 ते 72 तासांत सुधारणा नसेल, उतरलेला ताप परत चढला असेल किंवा एका बाजूची कळ आणि धाप वाढली असेल, तर मात्र फोटो त्याच दिवशी हवा. तेव्हा जुना डाग किती उरला हे मी बघत नाही. फुप्फुसाभोवती पाणी किंवा पू झालाय का, आत गळू झालंय का, हे शोधायचं असतं. पाण्याची शंका असेल तर लगेच सोनोग्राफीही करते, कारण तिथे सुईने किंवा नळीने पू काढल्याशिवाय औषध पुरत नाही.

फोटो काढण्याची दुसरी वेळ सहा ते आठ आठवड्यांनंतरची. ही प्रत्येकाला लागत नाही. तिशीतली, तंबाखू-बिडी न ओढणारी, आठवड्याभरात टुणटुणीत झालेली व्यक्ती असेल तर मी फोटो लिहून देत नाही. मुलांनाही तसंच. फक्त मुलाला त्याच जागी पुन्हा न्यूमोनिया झाला किंवा फुप्फुसाचा एखादा भाग मिटलेला होता, तर फोटो लागतोच. कधी कधी श्वासनळीत अडकलेला शेंगदाणा असतो आणि तो गिळताना कोणी पाहिलेलं नसतं.

पन्नाशीपुढचे, बिडी-सिगारेट ओढणारे, थुंकीत रक्त आलेले, वजन घटलेले किंवा खोकला न थांबलेले, यांना मी तारीख लिहून देते. काही वर्षांपूर्वी एका बिडी ओढणाऱ्या गृहस्थांना मी "सहा आठवड्यांनी या" असं तोंडी सांगितलं होतं. बरं वाटलं, ते आले नाहीत. चार महिन्यांनी त्याच जागी पुन्हा न्यूमोनिया घेऊन आले. श्वासनळीच्या तोंडाशी गाठ होती. तिच्यामागे कफ साचायचा, त्यात जंतू वाढायचे. औषधाने न्यूमोनिया दोन्ही वेळा बरा झाला होता. पहिल्या फोटोत त्या पांढऱ्या डागाआड गाठ दिसणं शक्यच नव्हतं. डाग विरल्यावरच ती दिसली असती. तेव्हापासून तारीख कागदावर लिहून देते, घरच्यांचा फोन नंबर घेते आणि न आल्यास फोन करते.

सहा आठवड्यांनीही डाग तसाच असेल, किंवा उरलेला भाग गाठीसारखा भरीव वाटत असेल, तर सीटी स्कॅन आणि गरजेनुसार दुर्बिणीने श्वासनळीची तपासणी. डाग निम्म्याहून कमी उरला असेल आणि माणूस ठणठणीत असेल, तर मी आणखी सहा आठवडे थांबते.

काकांचं तसंच झालं. मुलाला मी औषध बदलून दिलं नाही, सहा आठवड्यांनंतरची तारीख दिली. येताना दोन्ही जुन्या फिल्म आणायला सांगितल्या. त्या दिवशी तिन्ही फोटो उजेडाच्या पेटीवर लावले. पांढरा भाग गेला होता, पडद्याची कड स्पष्ट होती, वर एक आडवी बारीक रेघ उरली होती. बाराव्या आठवड्यात तीही नव्हती.