आमची वाटचाल: वेबसाइट सांभाळायला माणूस हवा होता

साठ माणसांची कंपनी झालो तरी आमची वेबसाइट कुणाच्याच कामात मोडत नव्हती. बनवून देणारा काम संपवून गेला. साइट उघडतेय म्हणजे ठीक आहे, असं आम्ही चार वर्षं धरून चाललो.

मग एका जुन्या ग्राहकाचा फोन आला. तीन वेळा चौकशी पाठवली, उत्तर का देत नाही? फॉर्म भरल्यावर त्यांना ‘धन्यवाद’ दिसलं होतं. आमच्याकडे मात्र एकही मेल नव्हता, स्पॅममध्येसुद्धा नाही. त्याच आठवड्यात बाकीच्यांच्या चौकशा व्यवस्थित आल्या होत्या, त्यामुळे कुणाला शंकाही आली नव्हती.

घाईघाईने अर्धवेळ वेब डेव्हलपरची जाहिरात दिली. दुसऱ्या जाहिराती पाहून रिअॅक्ट, नोड, डिझाइन, एसईओ असं सगळं त्यात भरलं. आलेल्या बहुतेकांनी साइट नव्याने बांधू असं सुचवलं. चूक आमची होती, कारण आम्ही बांधणारा मागितला होता आणि गरज राखणाऱ्याची होती.

दुसरी जाहिरात लिहायला बसलो तेव्हा आधी खरं काम कागदावर उतरवलं. साइट वर्डप्रेसवर आहे. आठवड्याला 8 तास. प्लगइनचे अपडेट आधी चाचणीच्या प्रतीवर, मग खऱ्या साइटवर. बॅकअप घेणं पुरेसं नाही, तो तीन महिन्यांतून एकदा परत चढवून दाखवायचा. डोमेन आणि होस्टिंगची खाती कंपनीच्याच नावावर राहतील. साइट बंद पडली तर ठरलेल्या तासांबाहेरच्या कामाचा मोबदला वेगळा. ही शेवटची ओळ मी आग्रहाने घातली. अर्धवेळ माणसाला रात्री-अपरात्री फुकट उठवणं मला पटत नाही.

मुलाखतीत प्रश्न एकच ठेवला: फॉर्म ‘धन्यवाद’ म्हणतो, पण काहींचेच मेल येत नाहीत, तर आधी काय बघाल? एका ताईंनी उलट विचारलं, “न आलेले मेल कुठल्या पत्त्यांचे आहेत?” ग्राहकाचा पत्ता मोठ्या कंपनीचा होता. ताईंनी लगेच ओळखलं. फॉर्म आमच्या सर्व्हरवरून मेल पाठवत होता, पण पाठवणारा म्हणून ग्राहकाचा पत्ता लावत होता. डीमार्क म्हणजे आपल्या नावाने आलेल्या पण खऱ्या न ठरणाऱ्या मेलचं काय करायचं, हे डोमेनने जाहीर केलेलं धोरण. ते ज्या डोमेनचं कडक असतं, त्याच्या नावाने परक्या सर्व्हरवरून आलेला मेल घेणारा सर्व्हर नाकारतो. याहूने असं धोरण 2014 मध्येच लावलं. जीमेलचं तितकं कडक नाही, म्हणून ते मेल येत राहिले.

दुरुस्ती एवढीच होती:

```
From: web@example.com
Reply-To: (ग्राहकाचा पत्ता)
```

यात From म्हणजे आमच्याच डोमेनचा पत्ता. शिवाय मेल आता लॉगिन करून आमच्या मेल सर्व्हरमार्फत जातो आणि प्रत्येक चौकशीची नोंद डेटाबेसमध्येही राहते. आधी ती राहत नव्हती, त्यामुळे हरवलेल्या चौकशा परत मिळाल्या नाहीत. किती होत्या हेही कळायला मार्ग नाही, आणि ते मला अजून लागतं.

त्या ताईच आज काम बघतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या स्वतः दोन वेगवेगळ्या पत्त्यांवरून फॉर्म भरतात आणि दोन्ही मेल आले का, हे मला कळवतात.