दोन्ही यंत्रे नाकारणारी उत्तरपत्रिका

तृतीय वर्ष वाणिज्य शाखेच्या पूर्वपरीक्षेत वित्तीय व्यवस्थापनाच्या पेपरात मी भांडवली अंदाजपत्रकावर १५ गुणांचे एक उदाहरण घातले होते. आमचे महाविद्यालय रत्नागिरी जिल्ह्यात खाडीच्या काठी आहे आणि वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी आंबा, काजू किंवा मासळी यांपैकी कशाचा तरी धंदा आहे, म्हणून उदाहरणातली कंपनी मी आंब्याचा पल्प डबाबंद करणारी घेतली. तिला दोन यंत्रांपैकी एकच घेता येणार होते. प्रत्येकाची किंमत १० लाख रुपये, आयुष्य ५ वर्षे, भंगारमूल्य शून्य आणि भांडवलाचा खर्च १० टक्के. मुलांना घसारा मिळवत बसावे लागू नये म्हणून कर वजा जाता उरणारी रोख आवकच मी थेट दिली होती. 'अ' यंत्रापासून पाच वर्षांत अनुक्रमे ४, ४, २, १ आणि १ लाख, तर 'ब' यंत्रापासून १, २, ३, ४ आणि ५ लाख. परतफेडीचा कालावधी म्हणजे पे-बॅक आणि निव्वळ वर्तमान मूल्य या दोन्ही पद्धतींनी मूल्यमापन करून कोणते यंत्र घ्यावे याचा सल्ला द्या, असा प्रश्न होता.

आकडे मी मुद्दाम असे बेतले होते की दोन पद्धतींनी दोन वेगळी उत्तरे यावीत. 'अ'ची आवक ४, ४ आणि २ मिळून बरोबर ३ वर्षांत १० लाख होते, म्हणजे परतफेडीचा कालावधी ३ वर्षे; 'ब'ला त्यासाठी ४ वर्षे लागतात. तेव्हा पे-बॅकचा कौल 'अ'कडे. पण १० टक्क्यांचे वर्तमान मूल्य घटक, म्हणजे ०.९०९, ०.८२६, ०.७५१, ०.६८३ आणि ०.६२१, त्या त्या वर्षाच्या आवकेला लावले की 'अ'च्या आवकेचे वर्तमान मूल्य ९,७४,६०० रुपये येते आणि निव्वळ वर्तमान मूल्य उणे २५,४०० होते. 'ब'चे वर्तमान मूल्य येते १०,६५,१०० आणि निव्वळ वर्तमान मूल्य अधिक ६५,१००. माझ्या आदर्श उत्तरात शेवटची ओळ होती, "निव्वळ वर्तमान मूल्यानुसार 'ब' यंत्र घ्यावे." गुणांची वाटणी मी पे-बॅकला ४, निव्वळ वर्तमान मूल्याला ८ आणि सल्ल्याला ३ अशी केली होती.

तपासणी मी आणि आमच्या विभागातल्या एका मॅडमनी वाटून घेतली होती. त्यांनी तपासलेल्या गठ्ठ्यातल्या काही उत्तरपत्रिका मी नियमाप्रमाणे पुन्हा पाहत होतो. त्यात एका मुलीच्या उत्तरपत्रिकेत सल्ल्यापुढे लाल शाईने शून्य दिलेले दिसले. आकडेमोड निर्दोष होती, दोन्ही पद्धतींचे पूर्ण १२ गुण तिला मिळाले होते. सल्ल्याच्या जागी मात्र तिने लिहिले होते, "कंपनीने दोन्ही यंत्रे घेऊ नयेत. अ घेतल्यास तोटा आहे. ब घेतल्यास धोरण मोडते."

कोणते धोरण, हे मला क्षणभर कळेना. प्रश्नपत्रिका काढून पाहिली तेव्हा उदाहरणाच्या शेवटी माझ्याच हातची ओळ सापडली: "गुंतवलेली रक्कम ३ वर्षांत वसूल व्हावी, असे कंपनीचे धोरण आहे." माझ्याच एका जुन्या प्रश्नावरून हा मसुदा तयार करताना ती ओळ राहून गेली होती. जुन्या उदाहरणात तिला काम होते, कारण तिथे तीन यंत्रे होती आणि अटीने एक गळत होते. इथे ती ओळ ठेवली की 'ब' बाद होते आणि 'अ' अटीत बसूनही शून्याखाली जाते. म्हणजे त्या मुलीचे उत्तर त्या प्रश्नाला अचूक होते आणि माझे आदर्श उत्तरच माझ्या प्रश्नाशी जुळत नव्हते.

मॅडमना मी ते दाखवले. त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. "सर, वर्गात आपणच सांगतो ना, दोन पद्धतींचा निकाल वेगळा आला तर निव्वळ वर्तमान मूल्य धरा म्हणून? मग धोरणाची ओळ कुणी का वाचावी?" सांगतो हे खरे. पण का सांगतो, हे आम्ही परीक्षेच्या घाईत गाळून टाकतो. पे-बॅक पद्धत रक्कम वसूल होण्याच्या क्षणी थांबते. 'ब'चे पाचव्या वर्षाचे ५ लाख तिच्या हिशेबात येतच नाहीत, आणि पहिल्या वर्षाचा रुपया व तिसऱ्या वर्षाचा रुपया तिला सारखाच वाटतो. 'अ'ची एकूण आवक १२ लाख आहे, म्हणजे वरवर पाहता २ लाख सुटतात, पण १० टक्के दराने ते पैसे मूळ रकमेलाही पुरत नाहीत. हेच वेगळ्या रीतीने दाखवता येते. परतफेडीचा कालावधी वटवलेल्या, म्हणजे वर्तमान मूल्यात आणलेल्या, रकमांवर काढला, तर 'ब'ची गुंतवणूक सुमारे ४.८ वर्षांत वसूल होते आणि 'अ'ची पाच वर्षे संपली तरी होतच नाही. तीन वर्षांत पैसे परत, असे ज्या यंत्राबद्दल आपण म्हणतो, ते खऱ्या अर्थाने पैसे परत करतच नाही.

म्हणून प्रश्नात दुसरी काही अट नसेल आणि फक्त "सल्ला द्या" असे असेल, तर परीक्षकाला निव्वळ वर्तमान मूल्याचाच निर्णय हवा असतो, कारण प्रकल्पामुळे मालकाच्या संपत्तीत रुपयांत किती भर पडते, हे त्यातूनच कळते. प्रश्न केवळ परतफेडीच्या कालावधीवरून क्रम लावायला सांगत असेल, तर तेवढाच क्रम लावून थांबायचे. तिथे निव्वळ वर्तमान मूल्याची थोरवी गाणाऱ्याला जादा गुण मिळत नाहीत. पण प्रश्नात कालमर्यादा दिली असेल, तर ती चाळणी आहे. आधी चाळणी लावायची, तीतून जे खाली येतील त्यांच्यातच निव्वळ वर्तमान मूल्य पाहायचे, आणि तेही शून्यापेक्षा कमी असेल तर काहीच न घेणे हाही निर्णय असतो. मुलांना 'दोनपैकी एक' असे वाचले की एक घेतलेच पाहिजे असे वाटते. प्रश्नात तसे कुठेही म्हटलेले नसते.

त्याच गठ्ठ्यात पुढची उत्तरपत्रिका पाहिली आणि मी जास्तच अस्वस्थ झालो. त्या मुलाने पे-बॅक काढताना असमान आवकेची सरासरी घेतली होती. 'अ'ची सरासरी २.४ लाख, म्हणून १० भागिले २.४, उत्तर ४.१७ वर्षे, 'ब'ची सरासरी ३ लाख, म्हणून ३.३३ वर्षे. ही रीत फक्त दरवर्षी सारखी आवक असेल तेव्हा चालते. आवक असमान असेल तर एकत्रित बेरीज करत जावे लागते, नाहीतर शेवटच्या वर्षाचे मोठे आकडे पहिल्या वर्षात शिरतात. इथे त्या चुकीने क्रमच उलटा झाला होता. त्याच्या वहीत पे-बॅकही 'ब' म्हणत होते आणि निव्वळ वर्तमान मूल्यही 'ब'. त्याला दोन पद्धतींत विरोध दिसलाच नाही आणि त्याने आनंदाने लिहिले, "दोन्ही पद्धतींनुसार ब यंत्र योग्य." त्याच्या स्वतःच्या ३.३३ वर्षांनीही ३ वर्षांची अट ओलांडली होती, हे त्याच्या ध्यानात आले नव्हते. पे-बॅकचे गुण गेले, पण सल्ल्याचे ३ पैकी ३ मिळाले होते, कारण शेवटचे अक्षर आदर्श उत्तराशी जुळत होते.

शेवटच्या अक्षराकडे पाहून गुण देण्याची आमची सवय त्या दिवशी माझ्यासमोर दोन उत्तरपत्रिकांच्या रूपाने पडून होती. मॅडमनी स्वतःच सुचवले की सल्ल्याचे ३ गुण पुन्हा वाटावेत: १ गुण दोन पद्धतींचे निकाल एकमेकांविरुद्ध जातात हे ओळखल्याबद्दल, १ गुण कोणता निकष वरचढ आणि का हे लिहिल्याबद्दल, १ गुण धोरणाच्या अटीचा विचार केल्याबद्दल. या मापाने "पे-बॅकनुसार अ, निव्वळ वर्तमान मूल्यानुसार ब" एवढे लिहून थांबलेल्यांना, आणि ते बरेच होते, १ गुण मिळाला. कारणासह 'ब' लिहिणाऱ्यांना २. सरासरीवाल्याचे ३ गुण गेले. त्या मुलीच्या उत्तरात कारणे दोन तोकड्या वाक्यांत होती, पण तिन्ही गोष्टी होत्या, म्हणून शून्यावर काट मारून ३ लिहिले आणि बाजूला सही केली. चूक प्रश्नपत्रिकेची होती, म्हणून 'ब' लिहिणाऱ्यांचा तिसरा गुण कापणे मला पटत नव्हते. अखेर तो आम्ही अटीचा नुसता उल्लेख असला तरी दिला.

उत्तरपत्रिका पाहायला ती मुलगी विभागात आली तेव्हा मी विचारले, "बाकी कुणी धोरणाच्या ओळीकडे पाहिले नाही, तू कशी पाहिलीस?" ती म्हणाली, "सर, आमच्याकडे बाबा आधी हप्तेच बघतात. कॅनिंगच्या मशीनचे कर्ज तीन वर्षांचे आहे. सीझन बरा गेला नाही तरी हप्ता थांबत नाही."

ज्या धोरणाला मी प्रश्नात राहून गेलेली ओळ समजत होतो, ते तिच्या घरी बँकेचे वेळापत्रक होते. पे-बॅकला पुस्तकात 'तरलतेचा निकष' म्हणतात, ते याच अर्थाने. 'ब' यंत्राची पहिल्या तीन वर्षांची आवक ६ लाखच आहे. सगळे १० लाख कर्जाचे असतील आणि ते तीन वर्षांत फेडायचे असतील तर व्याज बाजूला ठेवूनही ४ लाख दुसरीकडून आणावे लागतील. ते आणता येत नसतील तर ६५,१०० रुपयांचे निव्वळ वर्तमान मूल्य कागदावरच राहते. आणता येत असतील, तर तीन वर्षांची अट 'ब' नाकारून स्वतःचेच तेवढे नुकसान करते. हे मी तिला कच्च्या कागदावर मांडून दाखवले आणि विद्यापीठाच्या परीक्षेत अशी अट आली तर दोन्ही बाजू लिही, धोरणामुळे 'ब' नाकारावे लागते आणि त्याची किंमत ६५,१०० रुपये आहे असे स्पष्ट म्हण, असेही सांगितले.

तिने कागदाकडे थोडा वेळ पाहिले. मग विचारले, "सर, हप्ते पाच वर्षांचे करून घेतले तर?"

"मग अट पाच वर्षांची होईल आणि 'ब' त्यात बसेल," मी म्हणालो, "पण व्याज जास्त दिवस भरावे लागेल. बँक किती दर लावते ते आधी विचारून ये."

तिने तो कागद मागून घेतला.