शेळी परत का आणावीच लागते

"सर, हे कोडं सुटतच नाही. सगळ्या चाली तपासल्या मी."

प्रोग्रामिंग नव्याने शिकणाऱ्यांच्या वर्गात मी कोडं दिलं होतं ते सगळ्यांना ऐकून माहीत असलेलं. शेतकऱ्याला लांडगा, शेळी आणि कोबी नदीपार न्यायचे आहेत. होडी वल्हवायला तो हवाच आणि त्याच्याबरोबर एकच नग मावतो. तो जवळ नसला की लांडगा शेळीला खातो, शेळी कोबी खाते. कोड लिहायच्या आधी सगळं कागदावर करायचं, ही माझी अट.

'सुटत नाही' म्हणणारे दरवेळी असतात, पण सहसा ते कंटाळून म्हणतात. या मुलीने मात्र पानभर मांडणी केली होती. पहिली चाल: शेळी पलीकडे. दुसरी: शेतकरी रिकामा परत. तिसरी: लांडगा पलीकडे. आता परतायचं, तर लांडगा आणि शेळी एकत्र राहतात, म्हणून फुली. तिसऱ्या चालीत लांडग्याऐवजी कोबी नेला तरी तेच, तिथेही फुली. तर्कात कुठे खोट नव्हती. फक्त तिच्या पानावर परतीची होडी प्रत्येक वेळी रिकामी होती. कोड्यात नसलेला एक नियम तिने नकळत पाळला होता: पलीकडे गेलेलं पलीकडेच राहतं. गंमत म्हणजे तो नियम धरला तर तिचं म्हणणं अगदी बरोबर आहे, कोडं खरंच सुटत नाही.

शेळी परत आणता येते, हे मी सांगून टाकलं असतं तर तास तिथेच संपला असता. मी विचारलं, "पहिल्या चालीला शेळीच का नेलीस?"

"दुसरं काही नेताच येत नाही. लांडगा नेला तर शेळी कोबी खाते, कोबी नेला तर लांडगा शेळीला खातो. एकटा गेला तर दोन्ही होणार. एकमेकांना धक्का न लावणारी जोडी एकच आहे, लांडगा आणि कोबी. मागे तीच ठेवावी लागते."

"बरं. आणि शेवटची चाल कोणती असेल?"

ती गप्प झाली. मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "तीही शेळीचीच असणार. उत्तर उलटं वाचलं तर ते पलीकडून अलीकडे येण्याचं उत्तर होतं, नियम तर तेच आहेत. मग उलट्या उत्तराची पहिली चालही शेळीचीच."

एकही मधली चाल न खेळता हे दिसतं, म्हणून हा युक्तिवाद मला फार आवडतो. पहिल्या फेरीत शेळी पलीकडे जाते. शेवटच्या फेरीतही तीच पलीकडे जाते. एका फेरीत सगळं उरकत नाही, म्हणजे या दोन फेऱ्या वेगळ्या. मग मध्ये कधीतरी शेळी अलीकडे आलीच पाहिजे. लोकांना जी चाल युक्ती वाटते, ती पहिल्या क्षणापासूनच ठरलेली असते.

मुलीने लगेच फेऱ्या मोजल्या. शेळी निदान दोनदा पलीकडे, लांडगा एकदा, कोबी एकदा, म्हणजे जाण्याच्या किमान ४ फेऱ्या. त्यांच्यामध्ये परतीच्या ३. एकूण ७ पेक्षा कमी शक्यच नाहीत. मग तिने फुली खोडून चौथी चाल लिहिली, शेळी परत. पाचवी कोबी पलीकडे, सहावी रिकामी परत, सातवी शेळी पलीकडे. नेमक्या ७.

नंतर फळ्यावर सगळ्या स्थिती मांडल्या. चौघांपैकी प्रत्येक जण या काठावर किंवा त्या काठावर, म्हणून १६. त्यांपैकी ६ मध्ये कोणीतरी खाल्लं जातं, उरतात १०. शक्य चालींनी त्या जोडल्यावर मध्ये षटकोन आणि दोन्ही टोकांना दोन-दोन स्थितींची शेपटी असं चित्र झालं. चित्रात फाटा फुटतो तो तिसऱ्या चालीला: लांडगा न्यायचा की कोबी. तिथेही काही बिघडत नाही, कारण दोन्ही वाटा पाचव्या चालीनंतर पुन्हा एकत्र येतात. बाकी सगळीकडे मागे फिरायचं नसेल, तर उत्तराकडे नेणारी चाल एकच. भुलभुलैया म्हणून ओळखलं जाणारं हे कोडं खरं तर बोळ आहे. त्यात माणसं अडकतात ती बहुतेक एकाच ठिकाणी, तिसऱ्या चालीनंतर.

तास संपताना कोणीतरी विचारलं, लांडगा कोबीही खाऊ लागला तर? मग मागे ठेवायला एकही जोडी सुरक्षित उरत नाही आणि पहिली चालच मिळत नाही. "होडीत अजून एक जागा द्या की," मागच्या बाकावरून आवाज आला. तेवढ्याने तेही ३ फेऱ्यांत सुटतं: लांडगा आणि शेळी न्यायची, लांडगा उतरवायचा, शेळीला बरोबर घेऊन परतायचं, कोबी चढवायचा आणि तिघांनी पलीकडे जायचं.