कुंपणभिंतीच्या कामाचा दर मी कसा काढला

आमच्या तालुक्यातील एका शिक्षणसंस्थेने शाळेच्या मैदानाभोवती कुंपणभिंत बांधण्यासाठी दर मागवले, तेव्हा बाबवार दरांचे दरपत्रक स्वतः बसून तयार करण्याची वेळ माझ्यावर पहिल्यांदा आली. तोपर्यंतची माझी कामे मजुरीवर किंवा चौरस फुटाच्या ठोक दरावर झालेली होती. ठोक दरात नफा कुठे झाला आणि कुठे गेला, हे काम संपल्यावरही नीट सांगता येत नाही. इथे मात्र संस्थेने प्रत्येक बाबीचे परिमाण छापून दिले होते आणि त्यापुढे दर भरायचा होता.

पहिले काम मोजमाप पुन्हा काढण्याचे. भिंतीची लांबी फाटक सोडून 120 मीटर, प्लिंथ बीमच्या वर उंची दीड मीटर आणि जाडी 230 मिलिमीटर. संस्थेच्या पत्रकात वीटबांधकाम 41.4 घनमीटर होते, म्हणजे लांबी, उंची आणि जाडी यांचा सरळ गुणाकार. नकाशात मात्र दर तीन मीटरवर 230 बाय 230 चा आरसीसी खांब होता. असे 41 खांब वजा केले की वीटकाम सुमारे 38.15 घनमीटर उरते. बाबवार दरात देयक प्रत्यक्ष मोजमापावर निघते, त्यामुळे पत्रकातला जास्तीचा आकडा बिलात येणार नव्हताच. पण 41.4 घनमीटर धरून विटांची मागणी नोंदवली असती, तर विटा माझ्याच अंगावर पडल्या असत्या. मी हा फरक लेखी कळवला आणि माझा हिशेब 38.15 वर केला.

खोदकामाबाबत तर मोजमापापेक्षा जमीन महत्त्वाची ठरली. पत्रकात ‘पायाखोदकाम’ एवढी एकच बाब होती. मैदानाच्या एका कडेला मुरूम होता, पण उताराच्या बाजूला खडकाची टोके वर आलेली दिसत होती. मुरूम मजूर टिकावाने काढतात, कठीण खडकाला ब्रेकर लागतो. दोन्हींचा एकच दर म्हणजे कोणीतरी एक जण नक्की तोट्यात. म्हणून माती-मुरूम आणि कठीण खडक अशा दोन बाबी करून मागितल्या आणि खडकाची मोजणी दोघांच्या समक्ष व्हावी, अशी अट घातली.

त्यानंतर प्रत्येक बाबीचे दर विश्लेषण. इथे एक घनमीटर वीटकामाचे सविस्तर देतो. आमच्याकडची वीट 230 बाय 100 बाय 75 मिलिमीटरची. दहा मिलिमीटरचा सांधा धरला की एका घनमीटरला सुमारे 446 विटा बसतात आणि पाच टक्के तूटफूट धरून 468 लागतात. जागेवर पोहोच आठ रुपये दराने त्याचे 3,744 रुपये झाले. एकास सहाच्या मसाल्याला नासधूस धरून 1.3 गोणी सिमेंट, 350 रुपयांप्रमाणे 455. आणि दहावा हिस्सा ब्रास क्रशसँड, 4,500 रुपये ब्रासप्रमाणे 450. एक गवंडी आणि दोन बिगारी यांचा दिवसाचा खर्च 2,300 रुपये होता आणि अशी जोडी सव्वा घनमीटर काम उरकते, म्हणून मजुरी 1,840. पाणी मारणे आणि घोडी-फळ्या यांचे 150. एकूण 6,639 रुपये.

या आकड्यांत सर्वांत कच्चा आकडा सव्वा घनमीटरचा आहे. जमिनीलगत काम भराभर होते, पण भिंत कंबरेच्या वर गेली की मसाला आणि विटा उचलून द्याव्या लागतात आणि जोडी एका घनमीटरवर येते. तेव्हा मजुरीच 2,300 होते. दीड मीटरच्या भिंतीत वरचा भाग थोडाच असल्याने मी सव्वा ठेवला. दोन मजली इमारतीला हाच आकडा लावू नये. विटांचा आठ रुपये हाही रोखीचा दर होता. भट्टीवाला उधारीवर साडेआठ सांगत होता आणि या कामाच्या सुमारे 17,850 विटांवर तो फरक जवळजवळ 9,000 रुपयांचा होतो. पैसे कधी मिळणार, हे ठाऊक असल्याशिवाय विटेचा दर ठरत नाही.

सर्व बाबी मिळून थेट खर्च 8,60,000 रुपये झाला. आता वरखर्च. तीन महिन्यांच्या कामाला मुकादमाचा पगार 54,000, पाण्याचे टँकर आणि वीज 15,000, पत्र्याची शेड व अवजारांची ने-आण 11,000, असे जागेवरचे 80,000. याशिवाय कार्यालयाचे भाडे, हिशेबनीस, फोन, गाडी हे काम असो वा नसो चालूच असते. माझा असा वार्षिक खर्च 2,40,000 आणि उलाढाल साधारण 60 लाख, म्हणून प्रत्येक कामाच्या किमतीतून चार टक्के त्यासाठी काढावे लागतात. नफा मी किमतीच्या दहा टक्के धरला.

चार आणि दहा मिळून चौदा टक्के. पण ते कशाचे, हा प्रश्न इथे नेमका उभा राहतो. अनेक जण खर्चावर चौदा टक्के चढवतात. थेट खर्च आणि जागेवरचा खर्च मिळून होणाऱ्या 9,40,000 वर चढवले तर 10,71,600 होतात. परंतु कार्यालयाचे चार टक्के मी उलाढालीवर, म्हणजे विक्रीच्या किमतीवर मोजले होते. त्या किमतीचे चार टक्के 42,864 वजा केल्यावर नफा 88,736 उरतो, म्हणजे सव्वाआठ टक्क्यांच्या आसपास. खरे दहा टक्के हवे असतील, तर चौदा टक्के गेल्यावर किमतीचे 86 टक्के म्हणजे खर्च, म्हणून खर्चाला 0.86 ने भागावे लागते आणि उत्तर 10,93,023 येते. फरक 21,423 रुपयांचा आहे आणि तो जवळजवळ पूर्णपणे नफ्यातून जातो.

ही किंमत थेट खर्चाच्या 1.271 पट होती. त्याच पटीने प्रत्येक बाबीचा दर वाढवला. वीटकामाचा दर 8,440 रुपये प्रति घनमीटर झाला. सुरुवातीच्या बाबींचे दर फुगवून पैसे लवकर काढण्याची युक्ती काही जण वापरतात, पण पुढची परिमाणे वाढली की कमी ठेवलेले दर उलटतात. जीएसटी 18 टक्के या आकड्यांच्या बाहेर, स्वतंत्र ओळीत दाखवला.

मग संस्थेच्या अटी वाचल्या. प्रत्येक बिलातून पाच टक्के रक्कम राखून ठेवायची आणि काम पूर्ण झाल्यावर बारा महिन्यांनी द्यायची, असे होते. ती रक्कम सुमारे 54,650, म्हणजे माझ्या नफ्याचा अर्धा भाग वर्षभर अडकणार होता. म्हणून बिल पंधरवड्याला निघावे आणि सात दिवसांत पैसे मिळावेत, असे मागून घेतले. त्याच भरवशावर वीट रोखीने घेणे शक्य झाले.

चर्चेत विश्वस्तांनी पाच टक्के सूट मागितली. पाच टक्के म्हणजे पुन्हा तोच अर्धा नफा. मी दर सोडले नाहीत, काम कमी करून दाखवले: मैदानाच्या आतल्या बाजूला गिलाव्याऐवजी नुसती दर्जभराई केली, तर 180 चौरस मीटरवर 45,700 रुपये वाचतात. ते त्यांना पटले. करार त्या बदलासह झाला आणि कठीण खडकाचा दर त्यात वेगळ्या बाबीत राहिला.