टीडीएस विवरणपत्रातील दोन चुकीचे पॅन आणि तीन आठवडे

आमच्या छोट्या भागीदारी फर्मचे २०२४-२५ च्या दुसऱ्या तिमाहीचे २६क्यू, म्हणजे पगाराव्यतिरिक्तच्या देयकांवर कापलेल्या कराचे विवरणपत्र, मीच भरले होते आणि त्यातील दोन पॅन चुकीचे गेले होते. या दोन चुका वरवर सारख्या दिसत असल्या तरी त्यांचे परिणाम अगदी वेगळे झाले.

पहिल्या चुकीत एका सल्लागाराच्या पॅनमधील दोन अंकांची अदलाबदल झाली होती आणि तयार झालेला क्रमांक कोणाचाच नव्हता. फाइल तपासणारे एफव्हीयू पाच अक्षरे, चार अंक आणि एक अक्षर एवढी रचनाच पाहते, त्यामुळे तिथे काहीच अडले नाही. नंतर मात्र वैध पॅन नसल्यास लागू होणाऱ्या कलम २०६एए नुसार २० टक्के दर धरून सूचना आली. ४०,००० रुपयांवर आम्ही १० टक्क्यांनी ४,००० कापले होते, त्यामुळे आणखी ४,००० आणि त्यावर दरमहा एक टक्का व्याज अशी मागणी निघाली.

दुसरी चूक मला अधिक लागली. एका डिझायनरच्या ६०,००० रुपयांच्या बिलावरचे ६,००० मी ज्या पॅनवर दाखवले, तो पॅन खरा होता, पण तो दुसऱ्याच माणसाचा होता. त्याबद्दल कोणतीही सूचना आली नाही, मागणीही निघाली नाही. डिझायनरने आपल्या नावावर जमा झालेला कर दाखवणारे २६एएस उघडून कपात दिसत नसल्याचे कळवले, तेव्हाच हा प्रकार माझ्या लक्षात आला.

आमची डिजिटल सही ट्रेसेस या प्राप्तिकर खात्याच्या टीडीएस संकेतस्थळावर नोंदवलेली नव्हती, म्हणून मी ऑनलाइन दुरुस्तीऐवजी कन्सो फाइल, म्हणजे दाखल विवरणपत्राची खात्याकडील एकत्रित फाइल, मागवण्याचा मार्ग धरला, आणि खरी अडचण तिथेच आली. ही फाइल मागताना केवायसीच्या पानावर मूळ विवरणपत्राचा टोकन क्रमांक, त्यातील एका चलानाचा तपशील आणि त्याच चलानाखालील पॅन व रकमेच्या जास्तीत जास्त तीन जोड्या भराव्या लागतात. मी निवडलेल्या १४,५०० रुपयांच्या चलानाखाली तीनच नोंदी होत्या: बरोबर पॅन असलेली ४,५०० ची, आणि चुकीच्या पॅनच्या ४,००० व ६,००० च्या दोन. मी दुरुस्त केलेले, बरोबर पॅन भरून पाहिले आणि माहिती जुळत नसल्याचा संदेश आला. टोकन क्रमांक तपासला, चलानाची तारीख तपासली, रकमेपुढे दोन दशांश स्थळे लिहून पाहिली, पण उत्तर बदलले नाही. चार संध्याकाळी यातच गेल्या आणि माझ्या संतापाला पारावार उरला नाही, कारण नेमके कोणते घर चुकले आहे हे ते पान सांगतच नव्हते.

उलगडा झाला तो पानावरील सूचना ओळीओळीने वाचल्यावर. ही पडताळणी खरे काय आहे याची नसून आपण पूर्वी काय दाखल केले याची असते, म्हणून डिझायनरच्या जागी गेलेला त्या अनोळखी माणसाचा पॅन तसाच्या तसा भरायचा होता. उलट सल्लागाराचा अस्तित्वातच नसलेला पॅन मुळीच भरायचा नव्हता, कारण जोड्यांमध्ये फक्त वैध पॅन चालतात. तीनपेक्षा कमी वैध जोड्या असतील तर जेवढ्या आहेत तेवढ्याच द्यायच्या असतात. मी ४,५०० आणि ६,००० च्या दोनच जोड्या भरल्या आणि पहिल्याच प्रयत्नात मार्ग मोकळा झाला. त्या क्षणी मला जो सुटल्यासारखा आनंद झाला, तो मागणी रद्द झाल्यावरही झाला नाही. मिळालेला प्रमाणीकरण संकेतांक त्याच दिवसापुरता चालतो, त्यामुळे विनंती लगेच पूर्ण करावी.

पुढे कन्सो फाइल विवरणपत्र तयार करण्याच्या आरपीयू या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्या दोन ओळींतील पॅन बदलणे, एफव्हीयूमधून काढणे आणि प्राप्तिकर पोर्टलवर टॅनच्या, म्हणजे कर कापणाऱ्याच्या क्रमांकाच्या, लॉगिनने चढवणे हे काम तासाभरात झाले. आपल्या संगणकावरील जुनी फाइल मात्र यासाठी वापरू नये. दुरुस्ती नेहमी ताज्या कन्सो फाइलवरच करावी.

हे आधी सांगायला हवे होते: नवा पॅन भरण्यापूर्वी ट्रेसेसवरील पॅन पडताळणीत तो टाकून समोर येणारे नाव बिलावरच्या नावाशी ताडून पाहावे. एका वैध पॅनऐवजी दुसरा वैध पॅन घालण्याची मुभा एकदाच मिळते, त्यामुळे डिझायनरच्या ओळीत पुन्हा चूक झाली असती तर आम्ही कायमचे अडकलो असतो. पॅनचे चौथे अक्षर व्यक्तीसाठी पी, फर्मसाठी एफ आणि कंपनीसाठी सी असते, आणि व्यक्तीच्या बाबतीत पाचवे अक्षर आडनावाचे आद्याक्षर असते. एवढे पाहिले असते तरी त्या अनोळखी माणसाचा पॅन मला आधीच खटकला असता, कारण त्याचे पाचवे अक्षर डिझायनरच्या आडनावाशी जुळत नव्हते.

दुरुस्ती विवरणपत्रावर प्रक्रिया झाल्यावर ४,००० ची मागणी व्याजासह शून्य झाली. मी दोघांची कर कपातीची प्रमाणपत्रे, म्हणजे फॉर्म १६ए, नव्याने उतरवून घेतली, आणि डिझायनरच्या २६एएसमध्ये ६,००० रुपये दिसत असल्याचा निरोप आल्यावरच ती फाइल कपाटात ठेवली.