मिक्सर घेण्याआधी मी वाचलेले रिव्ह्यू

आईचा सोळा वर्षांचा मिक्सर दिवाळीच्या चकल्यांची भाजणी दळताना जळाला. मी ऑनलाइन ७५० वॉटचे दोन मिक्सर निवडले. पहिल्याला ४.४ तारे होते, दुसऱ्याला ४.१. किंमत जवळपास सारखीच. साहजिकच पहिलाच मागवणार होते.

पण आधी रिव्ह्यू 'नवे आधी' असे लावून बघितले. एरवी साइट आपल्याला तिला 'उपयुक्त' वाटलेले रिव्ह्यू वर दाखवते, त्यामुळे तारखांचा अंदाज येत नाही. इथे चारच दिवसांत पाच ताऱ्यांचे तेवीस रिव्ह्यू पडले होते आणि त्याआधीचे तीन आठवडे जवळजवळ कोरे. सेलमुळेही अशी गर्दी होते, म्हणून मजकूर वाचला. 'मस्त प्रॉडक्ट', 'दिसायला छान', 'लवकर मिळाला'. तेवीस जणांपैकी एकानेही मिक्सरमध्ये काय वाटून पाहिलं, हे लिहिलं नव्हतं. नवा मिक्सर आणणारी बाई पहिल्याच दिवशी ओल्या नारळाची चटणी करून बघते, आणि सांगायचंच झालं तर तेच सांगते.

सगळ्यांपुढे 'खरेदी केल्याची खात्री' होती, तिनेच मला गोंधळात टाकलं. उलगडा झाला तो दोन तारे दिलेल्या एका बाईंच्या फोटोतून. खोक्यात निघालेलं कार्ड होतं: पाच तारे द्या, स्क्रीनशॉट पाठवा, १५० रुपये मिळवा. म्हणजे खरेदी खरी, मत मात्र विकत घेतलेलं. खात्रीची ती खूण फक्त खरेदीबद्दल सांगते. भारतीय मानक ब्युरोने ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक आणलं, पण ते ऐच्छिक म्हणून आलं. त्यामुळे डोळे आपलेच उघडे ठेवायला लागतात.

शिवाय प्रत्येक रिव्ह्यूखाली मॉडेल लिहिलेलं असतं, ते पाहिलं. निम्मे रिव्ह्यू त्याच पानावरच्या ५०० वॉटच्या मिक्सरचे निघाले. तारे मात्र एकत्र मोजलेले.

मग दुसऱ्या मिक्सरचे तीन ताऱ्यांचे रिव्ह्यू वाचले, आणि तिथे खरी माणसं भेटली. 'आठ महिन्यांनी कपलर झिजला, सर्व्हिसवाल्याने बदलून दिला.' 'इडलीचं पीठ जास्त घातलं की बंद पडतो, खालचं लाल बटण दाबावं लागतं.' हा बिघाड नव्हेच, जास्त भार आल्यावर मोटर वाचवणारी सोय आहे ती. एक तारा देणाऱ्या बऱ्याच जणांची तक्रार पहिल्या वापरातल्या जळक्या वासाची होती. नव्या मोटरच्या वार्निशचा असा वास सुरुवातीला येतो आणि दोन-चार वापरांत जातो, म्हणून ते रिव्ह्यू मी बाजूला ठेवले. महिनाभरानेही वास येतो असं कुणी लिहिलं असतं, तर मिक्सर सोडून दिला असता. झाकणातून गळतं, हे मात्र पाच वेगवेगळ्या महिन्यांत पाच जणांनी लिहिलं होतं. ते मी खरं धरलं.

४.१ वालाच घेतला. चटणीचं भांडं अर्ध्यावर भरलं तर गळत नाही, हे आईने दुसऱ्या दिवशीच शोधून काढलं. सहा महिने वापरून झाल्यावर मी तेवढंच रिव्ह्यूत लिहिलं, आणि तीन तारे दिले.