माझा अनुभव : एसीएलच्या ऑपरेशननंतर डाव्या कोपऱ्याचे दहा महिने

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका हायस्कूलच्या मुलींच्या कबड्डी संघाचा सराव मी घेतो. आमची डावी कोपरारक्षक, म्हणजे बचावात डाव्या टोकाला उभी राहणारी मुलगी, नववीत असताना ऑगस्टच्या अखेरीस जायबंदी झाली. कुणाचा धक्का लागला नव्हता. साखळी सोडून मागे सरकताना डावा पाय ओल्या मातीत रुतला आणि अंग तेवढं फिरलं. आतून 'कट' असा आवाज आला आणि तासाभरात गुडघा फुगला. एमआरआयमध्ये एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतला पुढचा अस्थिबंध, पूर्ण तुटलेला दिसला. सूज उतरून गुडघा पुरता सरळ होईपर्यंत डॉक्टर थांबले आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऑपरेशन झालं.

घरच्यांचा पहिला प्रश्न होता, "सहा महिन्यांत होईल न्हवं?" सहाव्या महिन्यात पोरगी पळू लागते, पायऱ्या धडाधड उतरते, म्हणून सगळ्यांना ती बरी वाटते. नॉर्वेतल्या, २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं, की नवव्या महिन्यापर्यंत परतणं एकेक महिना लांबवलं तर पुन्हा दुखापत व्हायचं प्रमाण दर महिन्याला जवळपास निम्म्याने उतरतं. वडिलांना आणि हेडमास्तरांना मी हेच सांगितलं आणि कॅलेंडरवर जुलै महिन्याला खूण केली. तारीख मात्र लिहिली नाही. तारीख लिहिली की पोरगी दिवस मोजत बसते आणि ती हुकली की सगळं संपल्यासारखं वागते.

पहिल्या आठवड्यात एक चूक झाली. अख्खा संघ फळं घेऊन तिच्या घरी गेला. आठ-नऊ मुली खोलीत बसल्या आणि बोलणं लगेच पुढच्या स्पर्धेवर गेलं. ती भिंतीकडे बघत राहिली. त्यानंतर पद्धत बदलली. मंगळवारी आणि शुक्रवारी एकेकीने जायचं, शाळेतला अभ्यास घेऊन जायचं आणि 'कधी येणार?' हे विचारायचं नाही. त्याचं उत्तर तिच्याजवळ नसतं. 'आज फिजिओत काय केलंस?' याचं उत्तर असतं. आणखी एक साधी अडचण होती. संघाचा व्हॉट्सॲप ग्रुप तिच्या वडिलांच्या फोनवर यायचा आणि ते रात्री नऊला घरी यायचे. सरावाच्या वेळा, फोटो, थट्टामस्करी, यातलं काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. आईच्या फोनवर नंबर घातला आणि हा प्रश्न मिटला.

कुबड्या सुटेपर्यंत तिला मैदानावर आणलं नाही. आमच्याकडे ऑक्टोबरातही माती निसरडी असते. पाचव्या आठवड्यापासून ती रोज येऊ लागली. आता खरा प्रश्न उभा राहिला, की तिने तिथे करायचं काय? बहुतेक ठिकाणी अशा मुलीला पाण्याच्या बाटल्या भरायला लावतात. दोन दिवस आम्हीही तेच केलं. जी परवा चढाईवालीचा घोटा धरत होती, ती आज त्याच चढाईवालीला पाणी देते. तिसऱ्या दिवशी तिच्या पोटात दुखलं आणि ती आली नाही.

काम असं हवं, की ते झालं नाही तर संघाचं अडेल. मी तिला चढाईची वही दिली. एक चढाई जास्तीत जास्त तीस सेकंदांची, म्हणून पंधरा मिनिटांच्या डावात तीसच्या आसपास चढाया होतात आणि पूर्ण सामन्यात साठ-सत्तर. सगळ्या लिहायला गेलं तर हात पुरत नाही आणि वही अर्धवट राहते. म्हणून फक्त समोरच्यांच्या चढाया लिहायच्या. चारच रकाने ठेवले : चढाई कोण करतंय, कुठल्या बाजूने शिरली, आमच्या कोपऱ्याने पहिलं पाऊल कधी टाकलं आणि निकाल. खुर्ची शेवटच्या रेषेमागे, रेषेपासून चांगली चार मीटर लांब. बाजूच्या रेषेला बसवलं तर बाहेर ढकललेली खेळाडू सरळ ऑपरेशनच्या गुडघ्यावर येऊन पडते. पाय ठेवायला दुसरं स्टूल. सराव संपल्यावर तिला तीन मिनिटं द्यायची आणि तिने दोनच गोष्टी सांगायच्या.

पहिले पंधरा दिवस वहीत फक्त आकडे होते. मग एका सराव सामन्यानंतर ती म्हणाली, "सर, ती आधीच सुटतिया." तिच्या जागी खेळणाऱ्या आठवीतल्या मुलीबद्दल होतं हे. त्या दिवशी समोरच्यांच्या ३३ चढायांपैकी १४ डाव्या कोपऱ्यावर आल्या होत्या. त्यांतल्या ९ वेळा चढाईवालीचा पाय बोनस रेषेकडे यायच्या आधीच आमच्या कोपऱ्याने जागा सोडली होती, आणि पकड झाली एकच. मला बाहेरून हे दिसलं नव्हतं, मी कोपऱ्याच्या आत उभ्या राहणाऱ्या कव्हर खेळाडूंकडे बघत होतो. पुढच्या आठवड्यात त्या एकाच गोष्टीवर सराव घेतला.

तिला हे महिन्याभरापूर्वी करायला लावलं असतं तर बिघडलं असतं. जागा गेल्याचं दुःख ताजं असताना बदलीला शिकवायला लावणं म्हणजे जखमेवर मीठ. आधी तिने फक्त लिहायचं, मग मला सांगायचं आणि स्वतःहून इच्छा झाली तरच त्या मुलीला दाखवायचं. हा क्रम मी घाईने पुढे रेटला नाही, एवढंच.

वॉर्मअपची पंधरा मिनिटं ती संघाच्याच गोलात असायची. इतर जणी पळत तेव्हा ती फिजिओने लिहून दिलेले व्यायाम करायची, सुरुवातीला मांडी आवळून धरणं, पाय सरळ उचलणं, पुलासारखं कंबर उचलणं, नंतर अर्ध्या बैठका. काय करायचं नाही तेही कागदावर लिहून घेतलं होतं, कारण मैत्रिणी 'एकदा उडी मारून बघ की' म्हणतातच. फिजिओ बेळगावला, आठवड्यातून दोनदा. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेमुळे तिच्या आणि आईच्या बसच्या तिकिटाला पैसे लागत नाहीत, म्हणून सोबत आईच जायची आणि फेरी चुकली नाही.

सातव्या महिन्यात एका पायावरच्या उडीची चाचणी झाली. प्रत्येक पायाला तीन उड्या, त्यांतली सर्वांत लांब धरायची. उजवा १२० सेंटीमीटर, डावा ९८. म्हणजे ८२ टक्के. निदान ९० हवेत. यात एक खोट आहे, जी पुष्कळ जण विसरतात. इतक्या महिन्यांत चांगला पायही बसून कमजोर होतो, त्यामुळे टक्केवारी आहे त्यापेक्षा बरी दिसते. दुखापतीआधीचा आकडा असता तर खरी तुलना झाली असती. आता आम्ही जूनमध्येच सगळ्यांच्या उड्या मोजून ठेवतो. शिवाय उडी चांगली आली म्हणजे मांडीत ताकद आली असं नाही. शरीर हुशार असतं, ते कंबरेकडून आणि घोट्याकडून काम काढून घेतं. म्हणून फिजिओ मांडीची ताकद वेगळी मोजत होते.

मनाचं मोजायला फिजिओकडे बारा प्रश्नांची एसीएल-आरएसआय नावाची प्रश्नावली होती. गुण शून्य ते शंभर, जास्त म्हणजे खेळायला मन तयार. प्रश्नावली इंग्रजीत, फिजिओ कन्नड आणि हिंदी बोलणारे, पोरीला मराठी. मी मध्ये बसून प्रश्न सांगितले. ७१ आले. मला शंका आली, कारण मैदानावर वेगळंच दिसत होतं. थांबायच्या आधी ती तीन-चार बारीक पावलं जास्त टाकायची, नजर स्वतःच्या पायाकडे असायची आणि कोपऱ्यात उभी राहताना नेहमी पुढे असणारा डावा पाय आता गुपचूप मागे जायचा. आठ दिवसांनी कॉलेजात शिकणाऱ्या तिच्या चुलत बहिणीने प्रश्न मराठीत लिहिले आणि तिने एकटीने बसून भरले. ४४ आले. सर विचारतात म्हटल्यावर पोरगी सरांना आवडेल तेच सांगते. "सर, मी भीत नाही, पाय भितोय," असं तिने नंतर सांगितलं.

मग आम्ही भीतीच्या पायऱ्या केल्या, कमी भीतीची आधी. समोर कुणी नसताना घोटा धरायची नुसती हालचाल. चालत येणारी चढाईवाली, फक्त स्पर्श. अर्ध्या वेगाने येणारी, कुठून येणार ते आधी सांगून. मग पकड, पण 'सोड' म्हटलं की दोघींनी सोडायचं. मग न सांगता येणारी चढाई. शेवटी कव्हरसोबत पूर्ण वेगाची पकड, तीही फिजिओने संपर्काला हो म्हटल्यावरच. चढाईवाली कोण हे तिने निवडायचं. एका पायरीवर दोन सराव घाबरट पावलांशिवाय झाले तर पुढची. दुसऱ्या दिवशी सकाळी गुडघ्याच्या वाटीच्या मधोमध टेप लावून दोन्ही गुडघे मोजायचे, आणि ऑपरेशनचा गुडघा आदल्या सकाळपेक्षा एक सेंटीमीटरहून जास्त वाढला तर एक पायरी खाली. चौथ्या पायरीवर तसं झालं. ती रडली, पण कारण टेपवर दिसत होतं, सरांच्या मनातलं नव्हतं. चार दिवसांनी पुन्हा वर चढली.

साडेआठव्या महिन्यात उडी १२६ आणि ११५, म्हणजे ९१ टक्के. मांडीची ताकदही फिजिओंच्या हिशोबात बसली. नवव्या महिन्यात प्रश्नावली ६८. डॉक्टरांनी परवानगी दिली तेव्हा जुलै होता आणि आमच्याकडे मैदानाचं तळं झालं होतं. ज्या मातीने पाय ओढला त्याच चिखलात तिला परत उतरवणार नव्हतो. बेळगावात मॅट असलेल्या हॉलमध्ये रविवारी जायचं ठरवलं, तीन रविवार तेवढंच.

ऑगस्टमध्ये तालुका स्पर्धा आली, ऑपरेशनला दहा महिने होऊन गेले होते. खेळवायचं दुसऱ्या डावात, मध्यंतरात बदलून, हे आधीच तिला, तिच्या आईला आणि त्या आठवीतून नववीत आलेल्या मुलीला सांगून ठेवलं होतं, म्हणजे मैदानावर ऐनवेळी कुणाचं तोंड पडायला नको. ती उतरली, चौथ्या चढाईला घोटा धरला, सुटला. सहाव्याला धरला आणि कव्हर येईपर्यंत सोडला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी टेपवर फरक अर्धा सेंटीमीटर होता.

चढाईची वही आता आमच्या उजव्या कोपऱ्याकडे आहे. तिचा घोटा मुरगळलाय, तीन आठवडे.